टोळ्या किती असाव्यात?

माल भरण्यासाठी आलेला ट्रक गोदामाच्या आवारात उभा असतो, तेव्हा त्या उभे राहण्याचे पैसे कोणाच्या तरी खिशातून जात असतात. ड्रायव्हर-क्लीनरचा दिवस, गाडीचा हप्ता, हुकलेली पुढची खेप, सगळे त्यात येते. हा खर्च कमी करायचा तर भरणीच्या टोळ्या वाढवाव्या लागतात, आणि टोळी वाढली की मजुरी वाढते. पहिला खर्च टोळ्यांबरोबर उतरतो, दुसरा चढतो. दोहोंची बेरीज जिथे सर्वांत कमी, तितक्या टोळ्या ठेवायच्या. सोपी वाटणारी ही गोष्ट नुसत्या सरासरीवर सोडवायला गेले की हमखास चुकते.

एक गोदाम उदाहरणादाखल घेऊ. फाटकातून तासाला सरासरी 4 ट्रक आत येतात. सहा जणांची एक टोळी थप्पीवरून पोती उचलून एक ट्रक भरते, फाळका लावते आणि मोकळी होते. याला सरासरी 40 मिनिटे लागतात, म्हणजे एक टोळी तासाला दीड ट्रक भरते. माणशी तासाला 100 रुपये धरले तर टोळीची मजुरी तासाला 600 रुपये होते. उभ्या ट्रकचा खर्च तासाला 400 रुपये धरू.

तासाला 4 ट्रक, प्रत्येकाला 40 मिनिटे, म्हणजे तासाभरात 160 मिनिटांचे काम येते. टोळ्यांत मोजले तर हे काम 2.67 टोळ्यांचे आहे. दोन टोळ्यांनी ते उरकणारच नाही, तीन टोळ्यांनी उरकेल. पुष्कळ ठिकाणी हिशेब इथेच थांबतो आणि तीन टोळ्या लावल्या जातात. आवारात मात्र रोज रांग दिसते, आणि मुकादमाला वाटते की टोळ्या कामात ढिल्या आहेत.

दोष टोळ्यांचा नसतो. ट्रक दर पंधरा मिनिटांनी एक असे ठरवून येत नाहीत. कधी अर्ध्या तासात एकही फिरकत नाही, कधी दहा मिनिटांत तीन फाटकाशी लागतात. भरणीही कधी पंचवीस मिनिटांत होते, कधी थप्पी मागच्या कोपऱ्यात असल्याने तासावर जाते. रिकामी गेलेली वेळ साठवून ठेवता येत नाही. अकरा वाजता बसून राहिलेल्या टोळीची वीस मिनिटे साडेअकराच्या गर्दीला उपयोगी पडत नाहीत. टोळ्यांची क्षमता कामाच्या जितकी जवळ, तितकी एकदा साचलेली रांग ओसरायला वेळ जास्त, आणि ती ओसरण्याआधीच पुढचा लोंढा येतो.

याचे गणित टेलिफोनच्या निमित्ताने तयार झाले. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञाने कॉल आणि तारा यांचा हिशेब मांडला. त्याची मुख्य सूत्रे 1917 सालची आहेत. कॉलच्या जागी ट्रक आणि तारेच्या जागी टोळी ठेवली की तीच सूत्रे गोदामाला लागू पडतात. ट्रक एकमेकांशी न ठरवता येतात, रांग एकच असते आणि जी टोळी मोकळी होईल ती पुढचा ट्रक घेते, हे त्यातले गृहीत. भरणीचा वेळ बराच कमी-जास्त होतो, हेही धरलेले असते.

हिशेब साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. सुरुवात 1 या आकड्याने करायची. त्याला कामाच्या भाराने, म्हणजे 2.667 ने, गुणायचे. आलेल्या गुणाकारात टोळीचा क्रमांक मिळवून त्या बेरजेने गुणाकाराला भागायचे. पहिल्या टोळीला 0.727 येते. हाच आकडा पुन्हा 2.667 ने गुणून, त्यात 2 मिळवून भागले की दुसऱ्या टोळीला 0.492 येते. तिसरीला 0.304, चौथीला 0.169. या मधल्या आकड्यांवरून ट्रकला थांबावे लागण्याची शक्यता काढायची. चार टोळ्यांसाठी ती अशी:

```
(4 × 0.169) / (4 − 2.667 × (1 − 0.169)) = 0.38
```

म्हणजे शंभरातल्या सुमारे 38 ट्रकांना थांबावे लागेल. रांगेत सरासरी किती ट्रक उभे असतील, ते यापुढच्या एका पायरीवर मिळते. ही शक्यता कामाच्या भाराने गुणायची आणि टोळ्यांची संख्या भारापेक्षा जितकी जास्त आहे तितक्याने, इथे 1.333 ने, भागायची. उत्तर येते 0.76 ट्रक. तासाला 4 ट्रक येत असल्याने, रांगेतल्या ट्रकांना येण्याच्या वेगाने भागले की प्रत्येकाची सरासरी वाट मिळते, सुमारे 11 मिनिटे.

तीन टोळ्यांचा हिशेब याच रीतीने केला तर रांगेत सरासरी 6.4 ट्रक उभे दिसतात, आणि प्रत्येकाला सुमारे 96 मिनिटे थांबावे लागते. पाच टोळ्यांना रांग 0.18 ट्रकची आणि वाट तीन मिनिटांच्या आत. चौथी टोळी सरासरी वाट दीड तासावरून अकरा मिनिटांवर आणते, पाचवी मात्र जेमतेम आठ-नऊ मिनिटे वाचवते.

आता रुपये. तीन टोळ्यांची मजुरी तासाला 1800 आणि थांबण्याचा खर्च सुमारे 2550, एकूण 4350. चार टोळ्यांना 2400 अधिक 300, एकूण 2700. पाच टोळ्यांना 3000 अधिक 75, म्हणजे 3075. उत्तर चार. भरणी चालू असताना ट्रक उभा असतो तो वेळ यात धरलेला नाही, कारण टोळ्या तीन असोत की पाच, प्रत्येक ट्रकला भरायला तीच 40 मिनिटे लागतात. तो खर्च सगळीकडे सारखाच पडतो आणि तुलनेत काही फरक करत नाही.

या हिशेबावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की ट्रकच्या तासाचे 400 रुपये आले कुठून? तो आकडा नेमका कोणालाच ठाऊक नसतो, हे खरे. पण प्रश्न उलटा विचारता येतो. चौथ्या टोळीला तासाला 600 रुपये लागतात आणि ती रांगेतले 5.6 ट्रक कमी करते. म्हणजे ट्रकचा तास 107 रुपयांहून महाग असेल तर ती परवडते. पाचवी टोळी त्याच 600 रुपयांत फक्त 0.57 ट्रक कमी करते. ती परवडायला ट्रकचा तास सुमारे 1050 रुपयांहून महाग हवा. मधल्या सगळ्या पट्ट्यात, 107 पासून 1050 पर्यंत, उत्तर चारच राहते. ट्रकच्या तासावर वाद घालणाऱ्यांपैकी एक 300 म्हणाला आणि दुसरा 800, तरी दोघांचा निर्णय एकच निघतो.

ट्रकांच्या येण्याच्या वेगाबाबत मात्र इतकी सूट मिळत नाही. तासाला 4 ऐवजी 5 ट्रक आले तर चार टोळ्यांपुढे सरासरी 3.3 ट्रकांची रांग लागते आणि एकूण खर्च 3715 रुपयांवर जातो. पाच टोळ्यांत तो 3260 येतो. एका जादा ट्रकने उत्तर बदलले. म्हणून मेहनत घ्यायची ती फाटकावरच्या वहीत. ट्रक आत आल्याची वेळ, भरणी सुरू झाल्याची वेळ आणि संपल्याची वेळ, या तीन नोंदी दोन-तीन आठवडे नीट ठेवल्या की हिशेबाला लागणारे सगळे मिळते. पुष्कळ वह्यांत आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ असते, मधली नसते. मग थांबणे आणि भरणी वेगळी करता येत नाही, आणि सगळा उशीर टोळीच्या नावावर लिहिला जातो.

वही नीट ठेवली की दुसरी अडचण पुढे येते. ट्रक दिवसभर सारख्या वेगाने येत नाहीत. दहा तासांत 40 ट्रक येतात, पण त्यातले 18 सकाळच्या पहिल्या तीन तासांतच आले असे धरू. म्हणजे सकाळी तासाला 6, आणि चार टोळ्यांची क्षमताही बरोबर 6. अशा वेळी सूत्र उत्तरच देत नाही, कारण रांग कुठे स्थिरावत नाही, ती गर्दी संपेपर्यंत वाढत राहते. दिवसाची सरासरी घेऊन काढलेले ‘चार’ इथे फसते. सकाळ आणि दुपार वेगळी मोजली तर सकाळी पाच आणि सहा टोळ्यांच्या खर्चात तासाला जेमतेम साठ रुपयांचा फरक पडतो, आणि दुपारी तीन टोळ्या सर्वांत स्वस्त ठरतात. दोन-तीन टोळ्यांना फक्त सकाळचे काम देता येत असेल तर तोच मार्ग बरा. ते जमत नसेल तर व्यापाऱ्यांना वेळा वाटून देऊन ट्रकच पांगवावे लागतात.

भरणीचा वेळ सूत्रात धरला आहे तितका कमी-जास्त होत नसेल, उदाहरणार्थ सगळी पोती सारख्या वजनाची आणि सगळे ट्रक एकाच मापाचे असतील, तर प्रत्यक्ष रांग सूत्राहून लहान असते. साधारण अंदाज असा: भरणीच्या वेळेतली चढ-उतार सूत्रातल्या गृहीताच्या निम्मी असेल तर रांग पाच-अष्टमांशावर येते. तेवढी घट धरूनही तीन टोळ्या चारांहून महागच पडतात.

चार टोळ्या लावल्यावर गोदामाच्या मालकाला एक दृश्य रोज दिसते. सरासरी सव्वा-दीड टोळी कुठल्याही क्षणी रिकामी असते. आठ-नऊ माणसे सावलीत बसलेली दिसली की एक टोळी कमी करावीशी वाटते. रांग मात्र फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला असते आणि तिचा खर्च ट्रकमालक सोसतो. वाहतूकदार हॉल्टिंगची रक्कम लावेपर्यंत तो मालकाच्या वहीत उतरत नाही. थांबण्याचा खर्च शून्य धरला तर हिशेब नेहमीच कमीत कमी टोळ्यांकडे झुकतो, आणि वाहतूकदार तो खर्च पुढे भाड्यात मिसळून वसूल करतात.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. 1969 च्या माथाडी कायद्याखाली नोंदलेल्या टोळ्यांची मजुरी मालक मंडळाकडे भरतो, आणि तिच्यावर लेव्हीही द्यावी लागते. टोळीच्या खर्चात ती धरायलाच हवी. शिवाय ही मजुरी पुष्कळदा तासावर नसते, पोत्यावर किंवा टनावर असते. अशा ठिकाणी पाचवी टोळी आणली तरी मालकाचा एकूण खर्च जवळजवळ वाढत नाही, कारण पोती तितकीच राहतात. त्याच्या कागदावर टोळ्या कितीही वाढवल्या तरी फायदाच दिसतो. रिकाम्या बसण्याचा खर्च गेलेला नसतो, तो हमालांच्या अंगावर आलेला असतो: तीच हमाली चारऐवजी पाच टोळ्यांत वाटली जाते आणि प्रत्येकाची दिवसाची कमाई पाचव्या हिश्श्याने घटते. म्हणून पोत्यावर मजुरी असली तरी टोळीच्या तासाची किंमत, म्हणजे तेवढ्या वेळात तिला मिळायला हवी ती कमाई, हिशेबात 600 रुपयांच्या जागी धरावी लागते.