चारशे मीटरच्या आठ फेऱ्यांचे गणित

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातली बरीच मुले सैन्यभरतीच्या 1600 मीटर धावेची तयारी करतात. साडेपाच मिनिटांच्या आत यायचे म्हणजे 400 मीटरला साधारण 82 सेकंद. म्हणून मुले पहिल्याच दिवशी 82 ने सुटतात आणि चौथ्या फेरीत बसतात. आमच्या मते फेरीचा वेग आजच्या वेळेवरून ठरवावा.

समजा, एखादा मुलगा आज 1600 मीटर 6 मिनिटांत धावतो. त्याची फेरी 90 सेकंदांची. आठ फेऱ्यांचे 3200 मीटर, वेळ 12 मिनिटे. दोन फेऱ्यांच्या मध्ये 200 मीटर हळू धावणे, 90 सेकंदांत. उभे राहायचे नाही. अशा मधल्या धावा आठ नव्हे, सातच होतात (इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो). त्यांचे 1400 मीटर आणि साडेदहा मिनिटे. आधी अंग गरम करायला 2 किलोमीटर 15 मिनिटांत, शेवटी 1200 मीटर 9 मिनिटांत. एकूण 7.8 किलोमीटर, साडेशेहेचाळीस मिनिटे. उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी हे आटपायला हवे.

मैदानावर पट्टा नसेल तर टेपने 400 मीटर मोजून चुन्याची खूण करावी. पावलांच्या अंदाजात फेरी वीस मीटर कमी भरली, तरी घड्याळ चार-पाच सेकंद खोटे सांगते.

प्रत्येक फेरीची वेळ लिहून ठेवावी. सहावी फेरी 95 वर गेली तर तिथेच थांबावे; पुढच्या वेळी सुरुवात 92 ने करावी.