न वापरलेल्या कार्डाचे पैसे कोणाचे?

दिवाळीच्या सुमारास पुण्यातली एखादी कंपनी कामगारांना मिठाईच्या डब्याऐवजी कापड दुकानाचे दोन हजारांचे गिफ्ट कार्ड देते. कंपनीने दुकानाला पैसे मोजले, कार्ड कामगाराच्या हातात पडले, पण अजून एक रुमालही विकला गेलेला नाही. मग त्या दिवशी दुकानाची दोन हजारांची विक्री झाली का? नाही. दुकानावर दोन हजारांचे देणे चढले. वाण्याच्या उधारीच्या वहीत गिऱ्हाईक दुकानदाराचे देणे लागते. इथे ती वही उलटी असते, दुकानदार गिऱ्हाइकाचे देणे लागतो. गिफ्ट कार्डाचे बहुतेक प्रश्न एवढे ध्यानात ठेवले की सुटतात.

हे देणे जन्माला येते ते कार्ड छापल्यावर नाही, तर काउंटरवर ते चालू केल्यावर. रॅकमध्ये लटकवलेली कार्डे म्हणजे नुसते प्लास्टिक. पैसे घेऊन क्रमांक सिस्टिममध्ये चालू केला की त्या क्रमांकाच्या नावे खाते उघडते आणि त्यात पहिली नोंद पडते: जमा 2,000. म्हणून भेट देताना कार्डासोबत चालू केल्याची पावतीही द्यावी. चालू करायचे राहून गेले असेल, तर तो एकच पुरावा हाती असतो.

आता कामगाराच्या बायकोने 1,450 रुपयांची साडी घेतली. उरले 550. चांगली सिस्टिम इथे जुना आकडा खोडून नवा लिहीत नाही. ती खर्चाची वेगळी नोंद घालते, बिलाच्या क्रमांकासह, आणि शिल्लक सगळ्या नोंदींची बेरीज-वजाबाकी करून काढते. हा फरक बारीक वाटला तरी भांडणाच्या वेळी तोच उपयोगी पडतो, कारण कोणत्या दिवशी, कोणत्या शाखेत, कोणत्या बिलावर पैसे गेले हे दाखवता येते. कागदी कुपनांत ही सोय नसते. पाचशेच्या कुपनावर 430 ची खरेदी केली तर उरलेले सत्तर रुपये बहुधा बुडतात, कारण कुपनाच्या मागे तशी अट छापलेली असते. घेणाऱ्याच्या दृष्टीने कार्ड कुपनापेक्षा केव्हाही बरे.

पुढच्या वेळी बिल 2,600 झाले. 550 कार्डातून गेले, 2,050 यूपीआयने. आठवड्याने त्यातला 800 चा सदरा परत केला, तर पैसे कुठे जमा होणार? आधी कार्डात की आधी बँकेत, हे दुकानाच्या नियमावर ठरते आणि तो नियम क्वचितच कोणी विचारून घेतो. अनेक दुकाने सगळी रक्कम ‘स्टोअर क्रेडिट’ म्हणून देतात. म्हणजे बँकेतून गेलेली रोकड त्याच दुकानात अडकते. मन बदलले म्हणून वस्तू परत केली असेल, तर दुकानाच्या अटी चालतात. पण वस्तूच सदोष असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, ती परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. अशा वेळी क्रेडिट नोट निमूटपणे घेऊ नये.

वर्षअखेरीला दुकानाच्या हिशेबनिसापुढे खरा पेच उभा राहतो. समजा अशी शंभर कार्डे विकली, म्हणजे दोन लाख जमा झाले. मागच्या वर्षांच्या अनुभवावरून दहा टक्के रक्कम कधीच खर्च होत नाही, असे दुकानाला दिसते. कार्ड हरवते, विसरते, तीस-चाळीस रुपयांसाठी कोणी पुन्हा येत नाही. हे वीस हजार उत्पन्नात धरायचे केव्हा? मोठ्या कंपन्यांना लागू असलेले ‘इंड एएस 115’ हे हिशेबाचे मानक सांगते की असा भरवशाचा अंदाज असेल तर ते गिऱ्हाइकांच्या खर्चाच्या प्रमाणात धरा. एकूण 1,80,000 खर्च होतील असा अंदाज आहे. मार्चअखेर 90,000 खर्च झाले, म्हणजे निम्मे. म्हणून वीस हजारांतले निम्मे, दहा हजार, उत्पन्नात आले. कर बाजूला ठेवला तर वर्षाचे उत्पन्न एक लाख आणि ताळेबंदातले देणे एक लाख. असा अंदाज बांधण्याइतका अनुभवच नसेल, तर गिऱ्हाईक परत येण्याची शक्यता जवळजवळ संपेपर्यंत थांबावे लागते.

इथेच एक घोटाळा होऊ शकतो. ताळेबंदात देणे एक लाख दिसत असले, तरी कार्डांवरची खरी शिल्लक 1,10,000 आहे. ते दहा हजार उत्पन्नात धरले म्हणून कोणाच्याही कार्डातून एक रुपया कमी झालेला नाही. उद्या सगळे खरेदीला आले तर माल द्यावाच लागेल आणि अंदाज दुरुस्त करावा लागेल. म्हणून दुकानाने दोन्ही आकडे वेगळे ठेवावेत. दर महिन्याला सगळ्या कार्डांच्या शिल्लकेची बेरीज खतावणीतल्या एकूण आकड्याशी, म्हणजे अंदाजाची वजावट करण्याआधीच्या आकड्याशी, ताडून पाहावी. कार्डांची बेरीज 550 ने जास्त आली, तर बहुधा बिल झाले पण कार्डातून पैसे वजा झाले नाहीत आणि तेच पैसे पुन्हा खर्च होऊ शकतात. बेरीज कमी आली, तर कार्डातून पैसे गेले पण बिल रद्द झाले, आणि कोणा गिऱ्हाइकाचे नुकसान झाले. मला ही दुसरी चूक जास्त गंभीर वाटते, कारण तिची तक्रार क्वचितच येते. शिल्लक कमी झाल्याचे कळायला माणसाने आधीची शिल्लक लक्षात ठेवलेली असावी लागते.

आता मुदत. इथे कार्ड कोणी काढले हे मागची बाजू उलटून वाचावे. एकाच दुकानाने काढलेले आणि फक्त त्याच दुकानात चालणारे कार्ड रिझर्व्ह बँकेच्या नियमनात येत नाही. त्याच्या अटी दुकान ठरवते. पण वेगवेगळ्या दुकानांत चालणारे गिफ्ट कार्ड काढायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते आणि त्याला 2021 चे नियम लागू होतात. कार्ड जास्तीत जास्त दहा हजारांचे असते, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि मुदत किमान एक वर्षाची असते. मुदत संपण्याआधीच्या 45 दिवसांत कंपनीने एसएमएस किंवा ईमेलने सावध करायचे असते. कार्ड काढणारी कंपनी बँक नसेल, तर न खर्चलेली रक्कम तिला बँकेतल्या एस्क्रो खात्यात वेगळी ठेवावी लागते.

या नियमांतला सर्वांत उपयोगी भाग फार थोड्यांना ठाऊक असतो. मुदत संपल्यावर तीन वर्षांच्या आत कंपनीला ती शिल्लक आपल्या नफ्यात वळवता येत नाही. मुदत संपल्यावर गिऱ्हाइकाने मागणी केली, तर ती रक्कम त्याच्या बँक खात्यात द्यावी लागते. मागितल्यास कार्डाची मुदत वाढवून किंवा नवे कार्डही देता येते. म्हणजे कपाटात सापडलेले जुने कार्ड तारीख पाहून लगेच फेकू नये.

मागणी दुकानाकडे नाही, तर कार्ड काढणाऱ्या कंपनीकडे करावी: कार्डाचा क्रमांक, पावती असल्यास तिची प्रत आणि बँक खात्याचा तपशील देऊन, लेखी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. एकाच दुकानाचे कार्ड असेल, तर हा मार्ग नाही. तिथे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक फिरवावा. कार्ड मिळाल्याच्या दिवशीच त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवला आणि प्रत्येक खरेदीनंतर बिलावर छापलेली शिल्लक पाहिली, तर या दोन्ही ठिकाणी दाखवायला पुरावा हाताशी राहतो.