शून्यावरून किती टक्के?

2017 च्या मीरा-भाईंदर महापालिका निवडणुकीत 95 जागांपैकी राष्ट्रवादीला एकही मिळाली नाही. अशा शून्यावरून पुढे एक जागा आली काय किंवा दहा आल्या काय, 'किती टक्के वाढ' याला उत्तरच नसतं, कारण फरकाला जुन्या आकड्याने, म्हणजे शून्याने, भागावं लागतं. एक्सेलमध्ये तिथे #DIV/0! उमटतं.

जुना आकडा उणे असला की जास्त फसगत होते, कारण तिथे उत्तर येतं आणि ते खरं वाटतं. समजा, भाईंदरच्या एका स्टील भांड्यांच्या कारखान्याला गेल्या वर्षी 2 लाखांचा तोटा झाला आणि यंदा 3 लाखांचा नफा. फरक 5 लाखांचा. त्याला उणे 2 ने भागलं की उणे 250 टक्के! सावरलेला धंदा कागदावर बुडालेला दिसतो.

काही जण भागताना उणे चिन्ह सोडून देतात. मग 250 टक्के वाढ दिसते खरी, पण आधीचा तोटा 10 लाखांचा असता, तर सुधारणा 13 लाखांची होऊनही टक्के 130 च भरले असते. अशा वेळी '2 लाखांच्या तोट्यातून 3 लाखांच्या नफ्यात' एवढंच छापावं.