दर्शनी मूल्याच्या वर आणि खाली

व्होडाफोन आयडियाकडे सरकारची स्पेक्ट्रम लिलावाची देणी तुंबली होती. त्यांपैकी ३६,९५० कोटी रुपयांच्या बदल्यात कंपनीचे शेअर घ्यायचे, असे सरकारने मार्च २०२५ मध्ये ठरवले. बाजारात तो शेअर तेव्हा सात रुपयांच्या आसपास मिळत होता. सरकारला तो दहा रुपयांनी घ्यावा लागला. कारण शेअरचे दर्शनी मूल्य दहा रुपये आहे आणि त्याखाली नवे शेअर देण्यास कंपनी कायद्याचे ५३ वे कलम मनाई करते. १९५६ च्या जुन्या कायद्यात काही अटी पाळून अशी सूट देता येत असे. २०१३ च्या कायद्याने ती वाट बंद केली. आता असा शेअर दिला तर तो व्यवहारच रद्दबातल ठरतो, आणि घेतलेले पैसे बारा टक्के व्याजाने परत करावे लागतात. कर्मचारी वा संचालकांना त्यांच्या ज्ञानाच्या मोबदल्यात दिलेले स्वेट इक्विटी शेअर आणि दिवाळखोरीतल्या योजनेसारख्या ठरावीक मार्गांनी धनकोंना कर्जाच्या बदल्यात दिलेले शेअर, एवढेच अपवाद.

आयपीओत किरकोळ गुंतवणूकदारांना भावात मिळते ती सूट वेगळी. तिथे शंभराचा शेअर पंचाण्णवला मिळाला, तरी तो दहाच्या दर्शनी मूल्यापेक्षा पंच्याऐंशी रुपये वरच असतो.

या वरच्या रकमेला प्रीमियम म्हणतात. समजा, एका कंपनीने दहा रुपयांचे एक लाख शेअर शंभर रुपयांना विकले. बँकेत एक कोटी आले. हिशेबात दहा लाख भागभांडवलात गेले आणि नव्वद लाख सिक्युरिटीज प्रीमियम खात्यात. ही रोकड वेगळी बाजूला ठेवलेली नसते. तिच्यातून कंपनी यंत्रे घेईल, कर्ज फेडेल. बंधन आहे ते ताळेबंदातल्या नव्वद लाखांच्या आकड्यावर. कायदा त्याला भांडवलासारखेच वागवतो, म्हणून त्यातून लाभांश वाटता येत नाही. तो नफ्यातून यावा लागतो. प्रीमियम ही भागधारकांनीच घातलेली रक्कम आहे आणि धनकोही तिच्याकडे पाहून कर्ज देतात.

मग हा आकडा वापरायचा कुठे? शेअरविक्रीला चार लाख खर्च आला, तर तो इथून वजा करता येतो. एकास एक बोनस द्यायचा, तर दहा लाख इथून भागभांडवलात जातात. स्वतःच्या शेअरची पुनर्खरेदीही यातून होते. कंपनी उभारणीचा प्राथमिक खर्च, डिबेंचर किंवा प्रेफरन्स शेअर फेडताना द्यायचा प्रीमियम यांनाही ५२ व्या कलमाने मुभा दिली आहे, पण ठरावीक वर्गातल्या कंपन्यांसाठी ही यादी आखडती आहे.

साचलेला तोटा मात्र या यादीत नाही. तो प्रीमियममधून पुसायचा असेल, तर भांडवल घटवण्याची रीतसर प्रक्रिया करून राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते, आणि तिथे धनकोंना हरकत घेण्याची संधी मिळते.