रिंगेची शेपटी

कॉलमच्या फर्म्यात काँक्रीट पडलं की आतली सळई पुन्हा कधीच दिसत नाही. म्हणून तिचा हिशेब आधी कागदावर मांडतात. कोणती सळई, किती जाड, कुठे वाकवायची, किती लांब कापायची, अशा किती आणि सगळ्यांचं वजन किती, हे सांगणारा तक्ता म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल. साइटवर त्याला नुसतं ‘बीबीएस’ म्हणतात. इमारतीचा एकच कॉलम आणि एकच मजला घेऊन हा तक्ता भरून पाहू.

आपला कॉलम ३०० बाय ४५० मिलिमीटरचा आहे. एका स्लॅबच्या माथ्यापासून पुढच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत उंची ३ मीटर, त्यात वरचा बीम ४५० मिलिमीटर खोल. म्हणजे बीमच्या खालपर्यंत मोकळी उंची २.५५ मीटर. उभ्या सळया १६ मिलिमीटरच्या, जुन्या भाषेत पाच सुती, सहा नग: चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर एकेक. त्यांना बाहेरून वेढणाऱ्या रिंगा ८ मिलिमीटरच्या. काँक्रीट एम २५, सळई एफई ५००.

आधी उभ्या सळया. खालून आलेली सळई आणि वर जाणारी सळई काही अंतर शेजारी-शेजारी ठेवून बांधतात, तो लॅप. या काँक्रीटला आणि या सळईला व्यासाच्या साधारण ४९ पट लॅप लागतो. तो ७८४ मिलिमीटर येतो, आपण ८०० धरू. भूकंपाचा विचार करणारं भारतीय मानक आयएस १३९२० सांगतं की लॅप मोकळ्या उंचीच्या मधल्या निम्म्या भागातच घ्यावा आणि एका जागी निम्म्याहून जास्त सळया जोडू नयेत. म्हणून या मजल्यावर तीनच सळया जोडायच्या, उरलेल्या तीन पुढच्या मजल्यावर. अशी प्रत्येक सळई दोन मजले चढते, तेव्हा तिची लांबी ३ अधिक ३ अधिक ०.८, म्हणजे ६.८ मीटर. तक्त्याची पहिली ओळ झाली: १६ मिलिमीटर, ३ नग, एकूण २०.४ मीटर. बाजारातली सळई १२ मीटरची असते. एकीतून एक तुकडा निघाला की ५.२ मीटर उरते. ती भंगारात जाऊ नये म्हणून दुसऱ्या कुठल्या कामाला लागेल हे आत्ताच लिहून ठेवावं.

आता रिंग. खरी मेख इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

कॉलमला सगळ्या बाजूंनी ४० मिलिमीटर कव्हर ठेवायचं. म्हणजे रिंगेचं बाहेरचं माप दोन्हीकडून ४० वजा करून २२० बाय ३७० येतं आणि चारी बाजूंची बेरीज ११८०. पुढचा हिशेब अनेक जण तोंडपाठ सूत्राने करतात: दोन हुकांसाठी व्यासाच्या दहा-दहा पट मिळवा, प्रत्येक काटकोनी वाकासाठी दोन पट वजा करा आणि १३५ अंशांच्या प्रत्येक हुकासाठी तीन पट वजा करा. काटकोन तीन, हुक दोन. म्हणजे ११८० अधिक १६० वजा ४८ वजा ४८, उत्तर १२४४ मिलिमीटर. तक्ता पूर्ण झाल्यासारखा वाटतो.

पण त्या मापाची एक रिंग खरोखर वाकवून बघा. वाकवताना सळई ज्या खुंटीभोवती फिरते ती ३२ मिलिमीटरची, म्हणजे व्यासाच्या चौपट, धरू. काटकोनात सळई कोपरा गाठत नाही, गोलाई घेत आखूड वाटेने जाते. तिथे सुमारे दोन व्यास वाचतात. सूत्राची ती वजाबाकी बरोबर आहे. हुकाचं मात्र उलट आहे. तिथे सळई कोपऱ्याच्या तीन व्यास आधीच वळू लागते, पण १३५ अंशांचं वळण पुरं करायला तिला जवळजवळ सहा व्यास लांबी लागते. हिशेब वजाबाकीचा नसून प्रत्येक हुकामागे सुमारे तीन व्यास मिळवण्याचा आहे, आणि सरळ शेपटी त्यानंतर सुरू होते. १२४४ मध्ये वळणांचा खर्च भागवला की प्रत्येक शेपटीला उरतात जेमतेम ३४ मिलिमीटर. मानक मागतं व्यासाच्या सहा पट, पण ६५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही. आपल्याला हवे ६५.

योग्य बेरीज अशी: ११८० मधून तीन काटकोनांचे सुमारे ५० गेले, दोन हुकांच्या वळणांचे ४६ आले, दोन शेपट्यांचे १३० आले. १३०६ झाले, आपण १३१० कापू.

शेपटीचं एवढं का? भूकंपात कॉलम मागेपुढे हलतो, बाहेरच्या कव्हरचं काँक्रीट गळून पडतं आणि आतला गाभा फुगू पाहतो. त्याला आवळून धरणारी रिंगच असते. हुक काटकोनी असेल तर कव्हर पडल्याबरोबर तो उघडतो. हुक १३५ अंशांचा आणि शेपटी पुरेशी असेल तर टोक गाभ्यात रुतलेलं राहतं. २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर पडलेल्या इमारतींत विरळ रिंगा आणि उघडलेले हुक इंजिनिअरांनी पाहिले आहेत.

मधल्या दोन सळयांना रिंग नुसती चाटून जाते, कोपऱ्यासारखी धरून ठेवत नाही. त्यांना एकमेकींशी बांधायला दोन्ही टोकांना हुक असलेली लिंक टाकायची. बाहेरचं माप २२०, वळणं आणि शेपट्या धरून ४०० मिलिमीटर.

रिंगा किती? बीमच्या जवळ, म्हणजे कॉलमच्या दोन्ही टोकांना, त्या दाट हव्यात. अंतर तीन मापांतलं सर्वांत लहान घ्यायचं: लहान बाजूचा चौथा हिस्सा ७५, उभ्या सळईच्या व्यासाची सहा पट ९६, किंवा १००. म्हणून ७५. ही दाटी खालून ४५० आणि बीमखाली ४५० मिलिमीटर चालते. बीमच्या खोलीतही आपण तीच ठेवू, फिटर बहुधा नेमक्या याच अवघड जागेत रिंगा गाळतात. मधल्या १६५० मिलिमीटरमध्ये लॅप येतो आणि लॅपवर अंतर १०० च्या वर जाता कामा नये. अंतर वारंवार बदललं की बांधणाऱ्याची चूक होते, म्हणून सगळा मधला भाग १०० नेच घेऊ. खाली ६ गाळे, मध्ये १७, वर ६, बीममध्ये ६. गाळे ३५, म्हणून रिंगा ३६. वरची शेवटची रिंग पुढच्या मजल्याची पहिली ठरते, ती तिथे पुन्हा मोजू नये. लिंकाही ३६.

वजनासाठी व्यासाचा वर्ग भागिले १६२ केला की मीटरमागे किलो मिळतात: १६ मिलिमीटरचं १.५८, ८ मिलिमीटरचं ०.३९५. उभ्या सळया ३२.२ किलो, रिंगा ४७.१६ मीटर म्हणजे १८.६ किलो, लिंका १४.४ मीटर म्हणजे ५.७ किलो. एकूण ५६.५ किलो, तारेचं वजन वेगळं. तोंडपाठ सूत्राने रिंगा कापल्या असत्या तर या कॉलममध्ये एका मजल्याला वाचलं असतं एक किलोहूनही कमी लोखंड.

ऑर्डर देण्याआधी १३१० चा एकच तुकडा कापून फिटरकडून वाकवून घ्या. बाहेरून २२० बाय ३७० भरतं का आणि वळण संपल्यापासून शेपटी ६५ आहे का, हे टेपने मोजा. खुंटी वेगळ्या जाडीची असेल तर आकडा थोडा हलेल, तो तक्त्यात दुरुस्त करा आणि मग उरलेल्या पस्तीस कापा. बांधताना हुकांचा कोपरा प्रत्येक रिंगेला बदलायला सांगा. सगळे हुक एकाच उभ्या सळईवर आले तर तो एक कोपरा तळापासून माथ्यापर्यंत कच्चा राहतो. फर्मा लावायच्या आधी नुसत्या डोळ्यांनी वरून खाली पाहिलं तरी हे कळतं.