‘बगूया की’ म्हणजे ‘मंजूर’ नव्हे! बोलीतल्या चर्चेचं इतिवृत्त कसं लिहितात?

समजा, कागल तालुक्यातल्या एका गावात पाणीपुरवठा समितीची बैठक सुरू आहे. एक सदस्य म्हणतो, “आवो, आमच्या गल्लीत तीन दिस झालं पाण्याचा थेंब न्हाय. व्हॉल्व्ह गळतोय, कवा बदलणार?” अध्यक्ष म्हणतात, “परवा बगूया की. प्लंबरला सांगतो.” दुसरा सदस्य टोकतो, “मागल्या टायमालाबी आसंच म्हणलासा!”

प्रोसिडिंग बुकात मात्र अनेकदा असं वाक्य उमटतं: ‘सविस्तर चर्चा होऊन व्हॉल्व्ह तातडीने बदलण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.’ भाषा शुद्ध आहे, पण घडलं ते हे नाही. ‘तातडीने’ असं कुणी म्हटलं नव्हतं. ‘बगूया’ म्हणजे विचार करू, मंजुरी नव्हे. आणि दुसऱ्या सदस्याची तक्रार तर गायबच झाली.

मग काय लिहावं?

‘गल्लीतील नळांना तीन दिवसांपासून पाणी येत नसून व्हॉल्व्हला गळती असल्याचे एका सदस्यांनी निदर्शनास आणले. दि. १४ रोजी पाहणी करून प्लंबरला कळविण्यात येईल, असे अध्यक्षांनी सांगितले. मागील बैठकीतही असेच सांगण्यात आले होते, याकडे दुसऱ्या सदस्यांनी लक्ष वेधले. व्हॉल्व्ह बदलण्याबाबत ठराव झाला नाही.’

प्रत्यक्षात ‘एका सदस्यांनी’च्या जागी नाव येईल. ‘तीन दिस’चं ‘तीन दिवस’ झालं, ‘म्हणलासा’मधला टोमणा गेला, पण तक्रार राहिली.

दोन शब्दांपाशी थांबा

पहिला, ‘परवा’. मराठीत तो होऊन गेलेला दिवसही असतो आणि येणाराही. वही सहा महिन्यांनी उघडणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. बैठक १२ तारखेला असेल, तर इथला ‘परवा’ म्हणजे १४ तारीख.

दुसरा, ‘आपण’. “आपण करूया” म्हणजे समिती, ग्रामपंचायत की गल्लीतली माणसं? लेखी मराठीत त्याचं ‘करण्यात यावे’ होतं आणि करणारा वाक्यातून पुसला जातो. काम रखडलं की जाब कुणाला विचारायचा, हेच कळत नाही. म्हणून ‘कोणी’ आणि ‘कधीपर्यंत’ हे वेगळं लिहावं लागतं.

शंका असेल तर अर्थ अंदाजाने लावू नये. विषय संपण्याआधीच विचारावं, “मग व्हॉल्व्ह बदलायचा, आसं लिवू का?” होकार आला, तर ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, खर्च आणि जबाबदारी नोंदवावी. कुणी विरोध केला, तर ‘सर्वानुमते’ लिहिता येत नाही. बहुमत असेल तर ‘बहुमताने’ लिहावं.

एवढं करूनही चूक राहिलीच, तर पुढच्या बैठकीत मागील इतिवृत्त वाचून कायम करताना सदस्यांना ती दाखवता येते. म्हणून ते वाचन कान देऊन ऐकावं. एकदा कायम झालं की चर्चेचा पुरावा म्हणून हीच वही पुढे येते.