इंडक्शन शेगडीवर कोणते भांडे तापते?

इंडक्शन शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा पालटणारी वीज वाहते आणि तिचे चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडात गोल फिरणारे प्रवाह, म्हणजेच आवर्त प्रवाह, निर्माण करते. धातूने या प्रवाहांना केलेल्या विरोधातून उष्णता उपजते, म्हणजे भांडे स्वतःच तापते.

लोखंडी तवा किंवा बिडाची कढई चुंबकीय असल्यामुळे हे प्रवाह बुडाच्या पृष्ठभागालगत, मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतक्या थरात कोंडले जातात आणि वाट अरुंद झाल्याने विरोध वाढतो. ॲल्युमिनियममध्ये हाच थर सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो, शिवाय तो धातू विजेचा उत्तम वाहक आहे. त्यामुळे प्रवाह वाहतो, पण उष्णता फारच थोडी निघते. काचेत तर प्रवाहच वाहू शकत नाही.

खरी फसगत स्टीलच्या बाबतीत होते. 18/8 या प्रकारात 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. निकेलमुळे स्टीलची स्फटिकरचना बदलून ते जवळपास अचुंबकीय होते, आणि शेगडी असे भांडे न ओळखता बंद पडते. निकेल जवळजवळ नसलेले 430 प्रकारचे स्टील मात्र चुंबकीय असते, म्हणून इंडक्शनच्या कुकरच्या बुडाला त्याची चकती जोडतात. लोहचुंबक कडेला नव्हे, तर बुडाच्या मध्यभागी लावून पाहावा. तो घट्ट चिकटल्यास भांडे चालते, अलगद सुटल्यास ते मंद तापते किंवा मुळीच तापत नाही.